स्विचमधला गाळलेला ब्रेक: बहुपर्यायी चाचणीत पुन्हा पुन्हा चुकणारे उत्तर

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. सी भाषेच्या स्विचमध्ये ब्रेक लिहिलेला नसेल तर पुढची केसही चालते, हा नियम आपल्याला पाठ आहे, तरीही चाचणीत स्विचचा प्रश्न आला की गुण जातो, असे विद्यार्थी सांगतो. सराव चाचण्यांसाठी असे प्रश्न काढण्याचे आणि नंतर चुकलेल्या उत्तरपत्रिका समोर ठेवून एकेका विद्यार्थ्याबरोबर बसण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. विद्यार्थ्याने सांगितलेला नियम खोटा नसतो, पण तो अर्धाच असतो, असे मला त्यात वारंवार दिसले आहे. पुढची केस म्हणजे नेमकी कोणती, तिच्यात शिरताना पुन्हा तुलना होते की नाही, ही घसरण कुठपर्यंत चालते आणि डिफॉल्टचा नंबर केव्हा लागतो, या चार गोष्टींची उत्तरे त्या एका वाक्यात नसतात. प्रश्न काढणारा नेमका तिथेच बोट ठेवतो.

पुढचा तुकडा सी भाषेतला आहे आणि या लेखात तो आपल्याला शेवटपर्यंत पुरणार आहे. वाचणे थांबवून आधी स्वतःचे उत्तर कागदावर लिहावे, कारण आलेल्या उत्तरावरूनच दुखणे कुठे आहे ते कळणार आहे.

```c
int x = 2, n = 0;
switch (x) {
    default: n += 1;
    case 1:  n += 10;
             break;
    case 2:  n += 100;
    case 3:  n += 1000;
}
printf("%d", n);
```

पर्याय असे आहेत: (अ) `100`, (ब) `11`, (क) `1101`, (ड) `1100`.

प्रत्येक ओळीत वेगळ्या स्थानाची रक्कम मिळवलेली आहे, ती मुद्दाम. एककाच्या जागी १ दिसला तर डिफॉल्टची ओळ चालली, दशकाच्या जागी १ दिसला तर केस १ ची, शतकाच्या जागी दिसला तर केस २ ची आणि हजाराच्या जागी दिसला तर केस ३ ची. म्हणजे छापून आलेली संख्या हाच कार्यक्रमाने चाललेल्या वाटेचा नकाशा असतो. चाचणीतल्या प्रश्नात अशी सोय क्वचितच असते, तिथे बहुधा एकाखाली एक `printf` असतात. पण घरी सराव करताना कोणत्याही स्विचमध्ये अशा रकमा घालून पाहिल्या, तर आपला अंदाज नेमका कोणत्या ओळीवर चुकला ते लगेच दिसते.

बरोबर उत्तर (ड), म्हणजे `1100`. उरलेल्या तीन पर्यायांमागे तीन निरनिराळे गैरसमज आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही निरनिराळे आहेत.

ज्याने (अ) निवडले, त्याच्या मनात प्रत्येक केस ही कंसात बंद केलेली खोली आहे, तिचे काम संपले की दार आपोआप लागते. ही चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी आहे. गंमत म्हणजे ज्यांना नियम तोंडपाठ आहे तेही घाईत हेच उत्तर देतात, कारण डोळा `case 2` वर पडतो, `100` दिसते, पर्यायांतही `100` असते आणि हात पुढे जातो. अशा विद्यार्थ्याला नियम पुन्हा समजावून काही उपयोग होत नाही. उत्तर निवडण्यापूर्वी प्रत्येक केसच्या शेवटच्या ओळीखाली ब्रेक आहे का एवढे पाहायचे, आणि नसेल तिथे पुढच्या केसकडे पेन्सिलीने खाली जाणारा बाण काढायचा, ही सवय लावली की पुरते. चाचणी पडद्यावर असेल तर तोच बाण कच्च्या कागदावर काढावा.

ज्याने (ब) निवडले, त्याने स्विच वरून खाली वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ डिफॉल्टची दिसली, डिफॉल्ट म्हणजे कशालाही चालणारी केस असे त्याने धरले, १ मिळवला, तिथे ब्रेक नाही म्हणून केस १ मध्ये घसरून १० मिळवले आणि ब्रेक भेटल्यावर तो बाहेर पडला. फॉल-थ्रू, म्हणजे ब्रेक नसताना खालच्या केसमध्ये घसरणे, त्याला व्यवस्थित कळले आहे, चूक झाली ती प्रवेशाच्या जागेत. लिहिण्याचा क्रम आणि तुलनेचा क्रम या दोन गोष्टी त्याने एकच मानल्या आहेत.

(क) निवडणारा विद्यार्थी मला सर्वांत रोचक वाटतो. तो केस २ मध्ये शिरतो, केस ३ मध्ये घसरतो, इथपर्यंत त्याचे सगळे बरोबर असते, आणि मग ब्रेक भेटलेला नाही म्हणजे शेवटी डिफॉल्ट चालणारच असे म्हणून एक मिळवतो. पाठ्यपुस्तकांत आणि वर्गातल्या फळ्यावर डिफॉल्ट नेहमी शेवटी लिहिलेले असते, त्यामुळे ब्रेक गाळला की घसरत डिफॉल्टपर्यंत पोहोचतो, असे त्याने अनेकदा पाहिलेले असते, आणि ते प्रत्येक वेळी खरेही ठरलेले असते. त्यातून त्याने नियम मात्र चुकीचा काढला. घसरण डिफॉल्टकडे होत नाही, ती खालच्या ओळीकडे होते. डिफॉल्ट खाली लिहिलेले असेल तर ते वाटेत लागते, वर लिहिलेले असेल तर लागत नाही. वर परत जाण्याची सोय स्विचमध्ये नाही.

मूळ कारण

हे तिन्ही गैरसमज एकाच मुळाशी जाऊन मिळतात. आपण स्विचला इफ-एल्सच्या शिडीचे आटोपशीर रूप समजतो. बाहेरून ते तसे दिसतेही, पण सी भाषेच्या दृष्टीने `case 2:` ही अट नसून फक्त एक लेबल आहे, म्हणजे ओळीवर लावलेली खूणचिठ्ठी. कार्यक्रम त्या चिठ्ठीवरून चालत गेला तर चिठ्ठी त्याला अडवत नाही आणि काही विचारतही नाही. वरचाच तुकडा गोटू वापरून उलगडला तर तो असा दिसतो:

```c
if (x == 1) goto L1;
if (x == 2) goto L2;
if (x == 3) goto L3;
goto LD;

LD: n += 1;
L1: n += 10;
    goto LEND;
L2: n += 100;
L3: n += 1000;
LEND: ;
```

कंपायलर प्रत्यक्षात असाच क्रम निर्माण करेल असे नाही. केसच्या किमती एकमेकींना लागून असतील तर तो उडीच्या पत्त्यांचे कोष्टक तयार करू शकतो आणि मग एकेक तुलना करण्याच्या भानगडीत पडत नाही. पण दिसणारा परिणाम मात्र याच मांडणीचा असतो, आणि चाचणीसाठी तेवढे पुरेसे आहे. या मांडणीचे दोन भाग आहेत. वरच्या भागात सगळ्या तुलना होतात, एकदाच होतात, आणि त्यात डिफॉल्टची पाळी नेहमी शेवटी येते, मग ते स्विचमध्ये कुठेही लिहिलेले असो. खालच्या भागात ओळी लिहिल्या त्याच क्रमाने चालतात आणि तिथे कोणतीही तुलना होत नाही. डिफॉल्ट पहिले की शेवटचे, या वादाचा उलगडा एवढ्यातच आहे: ते निवडीच्या क्रमात शेवटचे असते आणि चालण्याच्या क्रमात जिथे लिहिले तिथलेच असते. ब्रेक म्हणजे `goto LEND`, त्याहून अधिक काही नाही.

(ब) किंवा (क) निवडलेल्या विद्यार्थ्यांना मी हा उलगडा एकदा स्वतःच्या हाताने लिहायला लावतो. वाचून तो पटतो, पण पटणे आणि चाचणीच्या घाईत आठवणे यांत फरक आहे. आपल्या हाताने `goto LD` ही ओळ तुलनांच्या तळाशी लिहिलेली असली, की डिफॉल्ट वर दिसले तरी नजर तिथे अडकत नाही.

उलगडा जमला की तोच तुकडा `x` ची किंमत बदलून सोडवावा. `x` एक असेल तर उत्तर `10` येते, तीन असेल तर `1000`, आणि सात असेल तर कोणतीच केस जुळत नसल्याने प्रवेश डिफॉल्टमध्ये होतो, तिथून घसरण केस १ मध्ये होते आणि उत्तर `11` येते. या शेवटच्या प्रश्नावर अनेक जण `1` म्हणतात. डिफॉल्टलाही ब्रेक लागतो हे त्यांच्या ध्यानातच येत नाही, कारण शेवटी लिहिलेल्या डिफॉल्टला तो कधी लागलेलाच नसतो.

ब्रेक आहे, पण तो कोणाचा?

फॉल-थ्रू पक्के झाल्यावर पुढच्या पायरीचे प्रश्न येतात, आणि त्यांत ब्रेक गाळलेला नसतो, तर भलत्याच्या मालकीचा असतो. ब्रेक आपल्याला वेढणाऱ्या सर्वांत जवळच्या लूपमधून किंवा स्विचमधून बाहेर काढतो. कंटिन्यूचा स्विचशी काही संबंध नाही, तो स्विचला ओलांडून जवळच्या लूपला लागू होतो. हा फरक एका छोट्या तुकड्यात पाहता येतो.

```c
int i, n = 0;
for (i = 1; i <= 4; i++) {
    switch (i) {
        case 2:  continue;
        case 3:  break;
        default: n += i;
    }
    n += 10;
}
printf("%d %d", i, n);
```

पहिल्या फेरीत `i` एक आहे, डिफॉल्ट चालते, `n` एक होतो, स्विच संपतो आणि खालच्या ओळीने तो `11` होतो. दुसऱ्या फेरीत कंटिन्यू भेटतो. तो थेट लूपच्या पुढच्या फेरीकडे नेतो, त्यामुळे `n += 10` ही ओळ चालतच नाही आणि `n` अकरावरच राहतो. तिसऱ्या फेरीतला ब्रेक फक्त स्विचमधून बाहेर काढतो, लूप चालूच राहते, दहा मिळवले जातात आणि `n` एकवीस होतो. चौथ्या फेरीत डिफॉल्टचे चार आणि खालचे दहा मिळून `n` पस्तीस होतो. लूपची अट मोडते तेव्हा `i` पाच असतो, म्हणून पडद्यावर `5 35` येते.

इथेही चुकीची उत्तरे बोलकी असतात. `3 11` म्हणणाऱ्याने ब्रेक लूपचा मानला. `5 45` म्हणणाऱ्याने कंटिन्यूला ब्रेकसारखे वागवले, म्हणजे दुसऱ्या फेरीतही दहा मिळवले. शेवटचा `i` चार आहे असे म्हणणाऱ्याचा मात्र स्विचशी काहीच झगडा नाही, त्याने फॉर लूपची शेवटची वाढ विसरली आहे आणि त्याचा सराव वेगळ्या ठिकाणी व्हायला हवा. चुकलेल्या प्रश्नावर नुसती फुली मारून पुढे जाऊ नये, कोणते चुकीचे उत्तर दिले होते तेही लिहून ठेवावे, असे मी सांगतो ते याचसाठी.

इफच्या आतला ब्रेक हा या घरातला सर्वांत फसवा सदस्य आहे. इफ ही ना लूप आहे ना स्विच, त्यामुळे ब्रेकला ती दिसतच नाही.

```c
switch (1) {
    case 1:
        if (n > 5) break;
        n += 10;
    case 2:
        n += 100;
}
```

सुरुवातीला `n` तीन असेल तर अट खोटी ठरते, दहा मिळतात, केस २ मध्ये घसरण होते, शंभर मिळतात आणि शेवटी `113` उरतात. सुरुवातीला `n` सहा असेल तर ब्रेक अख्ख्या स्विचमधून बाहेर नेतो आणि `n` सहाच राहतो. ब्रेक इफमधून बाहेर काढतो असे समजणाऱ्याला दुसऱ्या वेळी `116` मिळतात. या समजुतीची किंमत केवळ एक गुण असते असे नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे दूर पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले होते. त्यामागे सी भाषेतल्या एका स्विचमध्ये, इफच्या आत लिहिलेला असाच एक ब्रेक होता. तो लिहिणाऱ्याला वाटले त्यापेक्षा जास्त ओळी ओलांडून बाहेर पडत होता. अनुभवी माणसांच्या हातूनही ही ओळ सुटली होती, तेव्हा चाचणीत ती सुटली म्हणून स्वतःला फार बोल लावण्याचे कारण नाही.

फॉल-थ्रूसारखे दिसणारे, पण फॉल-थ्रू नसलेले

काही प्रश्नांत विद्यार्थी घसरण अचूक मोजतो आणि तरीही उत्तर चुकते, कारण ज्याला तो लेबल समजला ते लेबल त्या किमतीचे नसतेच. त्यातले दोन प्रकार इतक्या वेळा येतात की ते ओळखता आलेच पाहिजेत.

पहिला प्रकार `case 1 || 2:` असा लिहिलेला असतो. वाचताना तो एक किंवा दोन असा वाटतो, परंतु कंपायलर आधी `1 || 2` या राशीची किंमत काढतो. ती एक येते, म्हणून ही ओळ निव्वळ `case 1:` ठरते. `x` दोन असेल तर ती जुळत नाही आणि प्रवेश डिफॉल्टमध्ये होतो, डिफॉल्ट नसेल तर संपूर्ण स्विच काही न करता ओलांडला जातो. दोन किमतींना एकच काम द्यायचे असेल तर `case 1:` आणि `case 2:` अशी दोन लेबले एकाखाली एक लिहायची असतात, आणि तिथे फॉल-थ्रू हा दोष नसून मुद्दाम वापरलेली सोय असते. म्हणूनच रिकाम्या केसखाली ब्रेक नाही हे पाहून प्रश्नात गफलत आहे असा निष्कर्ष काढू नये.

दुसरा प्रकार अक्षरांच्या चुकीचा. `default:` ऐवजी `defualt:` लिहिले, किंवा `case 1:` मधली मोकळी जागा गाळून `case1:` लिहिले, तरी सी भाषेत कार्यक्रम बिनतक्रार चालतो, कारण कोणत्याही नावापुढे कोलन दिले की ते गोटूसाठीचे वैध लेबल होते. आपल्या पहिल्या तुकड्यात `defualt:` असते आणि `x` सात असता, तर एकही ओळ चालली नसती आणि उत्तर `0` आले असते. `case1:` असते आणि `x` एक असता, तर जुळणारी केस नसल्याने प्रवेश डिफॉल्टमध्ये झाला असता, आणि तिथून घसरत `10` ऐवजी `11` आले असते. अशा प्रश्नात बहुतेक विद्यार्थी कंपाइल होताना चूक येईल हा पर्याय निवडतात. तो पर्याय खरा ठरतो तो वेगळ्या ठिकाणी: एकाच स्विचमध्ये एकच किंमत दोनदा आली तर. `case 'A':` आणि `case 65:` ही जोडी आस्की वापरणाऱ्या यंत्रावर नेमकी याच कारणाने नाकारली जाते, कारण दोन्ही लेबलांची किंमत ६५ आहे.

याच्या उलट, प्रश्नच सदोष असेल अशीही शक्यता असते. `n` ला सुरुवातीची किंमत न देता त्याच्यात बेरीज केलेली असेल, किंवा `int n = 0;` ही घोषणा स्विचच्या कंसात पहिल्या केसच्या आधी लिहिलेली असेल, तर छापून येणाऱ्या संख्येची हमी भाषा देत नाही. दुसऱ्या उदाहरणात घोषणा दिसते, पण उडी तिला ओलांडून खाली जाते, म्हणून शून्य भरण्याचे काम कधी होतच नाही. पर्यायांत किंमत सांगता येत नाही अशा अर्थाचे काही असेल तर ते निवडावे. नसेल तर प्रश्न काढणाऱ्याने शून्य गृहीत धरले असावे असे मानून पुढे जावे आणि नंतर आक्षेप नोंदवावा.

भाषा बदलली की उत्तर बदलते

प्रश्नाच्या वर लिहिलेले भाषेचे नाव न वाचणे हेही गुण जाण्याचे नेहमीचे कारण आहे. कोलन वापरून लिहिलेला जावाचा स्विच सीसारखाच घसरतो. मात्र २०२० साली जावा १४ मध्ये कायम झालेल्या बाणाच्या रूपात, म्हणजे `case 2 -> ...` असे लिहिले असता, घसरण नसते आणि त्या रूपात (अ) पर्यायासारखे उत्तरच बरोबर ठरते. जावास्क्रिप्टमध्ये घसरण आहे, पण तुलना काटेकोर असल्याने `"2"` हा मजकूर `case 2` शी जुळत नाही. सी शार्पमध्ये आपला पहिला तुकडा कंपाइलच होणार नाही, कारण ओळी असलेल्या केसमधून खालच्या केसमध्ये घसरणे ती भाषा चूक मानते. गो आणि स्विफ्टमध्ये प्रत्येक केस आपणहून संपते आणि घसरायचे असेल तर `fallthrough` हा शब्द लिहावा लागतो. पीएचपी घसरते, पण तिथे स्विचमधला साधा कंटिन्यू ब्रेकसारखा वागतो, त्यामुळे वरच्या लूपच्या प्रश्नाचे जे `5 45` हे उत्तर सीमध्ये चूक होते तेच तिथे बरोबर ठरते.

घरी पडताळताना

जीसीसी कंपायलर गाळलेला ब्रेक दाखवू शकतो, पण न सांगता दाखवत नाही. अनेकांचा समज असा की `-Wall` दिले म्हणजे सगळ्या सूचना मिळतात. ही सूचना त्यात नाही, ती `-Wextra` मध्ये आहे, किंवा तिचे नाव घेऊन ती मागता येते:

```
gcc -Wall -Wimplicit-fallthrough prashna.c
```

जीसीसीच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. पहिल्या तुकड्यावर ही आज्ञा चालवली तर `this statement may fall through` अशी सूचना दोन ओळींवर येते: डिफॉल्टच्या `n += 1` वर आणि केस २ च्या `n += 100` वर. केस ३ वर ती येत नाही, कारण तिथेही ब्रेक नसला तरी खाली घसरायला काही उरलेले नाही. एकावर एक लिहिलेल्या रिकाम्या लेबलांवरही ती येत नाही. घसरण हेतुपुरस्सर आहे असे सांगण्यासाठी सी २३ या मानकात आणि सी प्लस प्लस १७ मध्ये `[[fallthrough]];` असे लिहितात. जुन्या कोडमध्ये त्या जागी `/* fall through */` असा शेरा आढळतो, आणि जीसीसी नेहमीच्या पातळीवर तो शेरा वाचून गप्प बसते. `defualt` सारखे लेबल मात्र `-Wall` मध्येच पकडले जाते, कारण ते न वापरलेले लेबल म्हणून नोंदवले जाते.

सूचना दोष कुठे आहे ते दाखवते, उत्तर किती येईल ते सांगत नाही, म्हणून पडताळणीचा क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी कागदावर संख्या लिहावी, मगच कार्यक्रम चालवावा. पहिल्या तुकड्यावर शेवटचा सराव असा करता येईल. त्यातला एकुलता एक ब्रेक काढून टाकावा आणि `x` ला सात, एक, दोन आणि तीन अशा किमती देऊन चारही उत्तरे आधी लिहावीत. ती `1111`, `1110`, `1100` आणि `1000` यायला हवीत. ब्रेक काढला म्हणून चारही उत्तरे बदलली असतील, तर प्रवेशाची जागा अजून नीट धरलेली नाही. पहिली दोनच बदलली पाहिजेत, कारण दोन आणि तीन या किमतींना तो ब्रेक वाटेत कधी लागलेलाच नव्हता.